तारेच्या टोकाला दुप्पट होणारी लाट

वळवाचा पाऊस येऊन गेला की ग्रामीण भागातल्या वीज उपकेंद्रांत एक कोडं समोर येऊ शकतं. वीज पडलेली असते लाइनपासून पन्नास-साठ मीटरवरच्या एखाद्या झाडावर. तारेला ती शिवलेलीही नसते. खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्या एकेक करून तपासल्या, तरी कुठे तडा नाही की काळा डाग नाही. आणि तरीही दोन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात ३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर त्याच क्षणी बंद पडलेला असतो. उघडून पाहावं तर आतली गुंडाळी जळालेली.

हे कोडं यासाठी, की लाइन आणि ट्रान्सफॉर्मर यांचं इन्सुलेशन एकाच मापाचं धरलेलं असतं. ३३ केव्हीच्या यंत्रणेत ट्रान्सफॉर्मरने विजेच्या धक्क्यासारखं क्षणिक व्होल्टेज १७० किलोव्होल्टपर्यंत सोसावं, अशी प्रमाणित कसोटी आहे. लाइनवरच्या चिमण्यांची ताकदही त्याच घरातली असते. मग जे चिमण्यांनी निमूट सोसलं, त्यात ट्रान्सफॉर्मर का गेला? कारण दोघांपर्यंत पोचलेलं व्होल्टेज एकच नव्हतं. तारेवरून आलेली लाट ट्रान्सफॉर्मरच्या दाराशी येऊन दुप्पट झाली होती. ती दुप्पट का होते आणि तिला कुठे अडवायचं, याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

तार लांब केव्हा होते?

घरातला दिवा लावताना आपण असं धरून चालतो की बटण दाबलं की सगळ्या तारेत एकाच वेळी व्होल्टेज आलं. रोजच्या ५० हर्ट्‌झच्या विजेसाठी हे धरणं बरोबर आहे. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. उघड्या तारेवरून विद्युत बदल जवळपास प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदाला ३०० मीटर पुढे सरकतो. एका आवर्तनाच्या अवधीत तो ६,००० किलोमीटर जाईल. त्यापुढे दोन किलोमीटरची लाइन म्हणजे काहीच नाही. तिच्या दोन्ही टोकांना एकाच क्षणी जवळपास सारखंच व्होल्टेज असतं.

आकाशातल्या विजेचं तसं नाही. तिच्यामुळे तारेवर उमटणारं व्होल्टेज एक-दोन मायक्रोसेकंदांत शून्यावरून शिखरावर जातं. तेवढ्या वेळात ते तारेवर तीनशे ते सहाशे मीटरच पुढे गेलेलं असतं. म्हणजे एका खांबावर दीडशे किलोव्होल्ट असताना किलोमीटरभर पुढच्या खांबाला त्याची गंधवार्ताही नसते. इथे तार हा नुसता जोड राहत नाही. ती एक वाट होते आणि व्होल्टेज त्या वाटेवरून लाट होऊन धावतं.

वीज झाडावर पडली तरी तारेवर लाट का यावी? विजेचा उभा प्रवाह जमिनीत उतरताना आसपासचं विद्युत क्षेत्र क्षणार्धात बदलून टाकतो आणि त्या बदलाने तारेत व्होल्टेज प्रवर्तित होतं. वीज ३० किलोअँपिअरची, म्हणजे सर्वसाधारण ताकदीची असली, लाइन दहा मीटर उंचीवर असली आणि आघात साठ मीटरवर झाला, तर रुढ सूत्रांनी हे व्होल्टेज दीडशे ते दोनशे किलोव्होल्टच्या दरम्यान येतं. आपण १५० धरू. ही लाट दोन्ही दिशांना धावत सुटते. चिमण्या १७० सोसणाऱ्या असल्याने वाटेत कुठेही ठिणगी पडत नाही. सातएक मायक्रोसेकंदांनी ती दोन किलोमीटरवरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी हजर होते.

लाटेसोबत चालणारा करंट

व्होल्टेजची लाट एकटी चालत नाही. तार आणि जमीन मिळून एक लांबच लांब कपॅसिटर असतो. लाट पुढे सरकते तसा तारेचा दर नवा मीटर विद्युतभाराने भरावा लागतो आणि तो भार मागून करंट होऊन येतो. हा करंट तारेभोवती चुंबकीय क्षेत्र उभं करतो. त्याचा हिशेब तारेच्या इंडक्टन्सने होतो. या दोन गोष्टींवरून लाटेतल्या व्होल्टेजचं करंटशी एक पक्कं प्रमाण ठरतं. त्याला सर्ज इम्पिडन्स म्हणतात:

Z = √(L/C)

यात L हा दर मीटरचा इंडक्टन्स आणि C हा दर मीटरची कपॅसिटन्स. उघड्या लाइनसाठी हे प्रमाण साधारण ४०० ओहमच्या आसपास असतं. एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे ४०० ओहम तारेचा रोध नव्हेत, त्यांत उष्णता होऊन काही वाया जात नाही. तार एक किलोमीटरची असो की शंभर, हा आकडा बदलत नाही. लाट धावत असेपर्यंत तिच्यातल्या व्होल्टेजला करंटने भागलं की ४०० आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या १५० किलोव्होल्टच्या लाटेसोबत म्हणून ३७५ अँपिअरचा करंट चालतो.

लाइन सारखी आहे तोवर हे प्रमाण बिनबोभाट पाळलं जातं. अडचण येते ती वाट बदलते तिथे.

ट्रान्सफॉर्मरच्या दाराशी

ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या शेकडो वेढ्यांची गुंडाळी असते. तिचा इंडक्टन्स एवढा मोठा, की एक-दोन मायक्रोसेकंदांत तिच्यातून करंट वाहू लागणं शक्यच नाही. रोजच्या विजेला हे दार उघडं असतं, पण या धावत्या लाटेला ते बंद भिंतीसारखं भासतं.

लाट तर ३७५ अँपिअर घेऊन आली आहे. पुढे जायला जागा नाही. मग टोकाशी करंट शून्यच असला पाहिजे. तो शून्य होण्याचा एकच मार्ग आहे: टोकापासून उलट दिशेने तेवढ्याच ३७५ अँपिअरची दुसरी लाट निघाली पाहिजे. हीच परावर्तित लाट. ती उलट्या दिशेने चालली आहे आणि तिचा करंटही उलटा आहे, त्यामुळे तिचं व्होल्टेज मात्र येणाऱ्या लाटेसारखंच, त्याच चिन्हाचं, १५० किलोव्होल्टचं निघतं. टोकाशी दोन्ही लाटा एकमेकींवर पडतात. करंट वजा होऊन शून्य आणि व्होल्टेज मिळून ३००. समुद्राची लाट बंदराच्या उभ्या धक्क्यावर आली की भिंतीलगत पाणी लाटेच्या दुप्पट उंच चढतं, तेही याच कारणाने: आलेली आणि परतलेली लाट तिथे एकत्र असतात.

अभियंते हेच एका सूत्रात लिहितात. येणाऱ्या वाटेचा सर्ज इम्पिडन्स Z₁ आणि पुढच्या वस्तूचा Z₂ असेल, तर परतणाऱ्या लाटेचं येणाऱ्या लाटेशी प्रमाण असं:

ρ = (Z₂ − Z₁) / (Z₂ + Z₁)

पुढे Z₂ फार मोठा असेल, तर ρ एक होतो आणि लाट पूर्ण परतते. दोन्ही सारखे असतील, तर ρ शून्य, काहीच परतत नाही. Z₂ शून्य असेल, म्हणजे टोक थेट जमिनीला जोडलेलं असेल, तर ρ उणे एक होतो आणि व्होल्टेज तिथे शून्यावर बसतं. ट्रान्सफॉर्मर पहिल्या प्रकारात मोडतो.

अगदी पहिल्या क्षणी मात्र थोडं वेगळं घडतं. बुशिंग आणि गुंडाळी मिळून जमिनीशी थोडी कपॅसिटन्स असते. ती एक नॅनोफॅरड धरली, तर ४०० ओहममधून ती भरायला लागणारा कालांक ०.४ मायक्रोसेकंद येतो. तेवढ्याने लाटेचा चढ किंचित बोथट होतो. पण लाट काही मायक्रोसेकंद टिकणारी असेल, तर शेवटी व्होल्टेज दुपटीच्या जवळ पोचतंच.

इथे एक शंका येणं साहजिक आहे: व्होल्टेज दुप्पट झालं, तर ही जास्तीची ऊर्जा आली कुठून? नवी ऊर्जा कुठूनही येत नाही. धावत्या लाटेत निम्मी ऊर्जा व्होल्टेजच्या, म्हणजे विद्युत क्षेत्राच्या रूपात असते आणि निम्मी करंटच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रूपात. टोकाशी करंट शून्य झाला की चुंबकीय हिस्साही विद्युत रूपात जातो. दर मीटरमागे एका लाटेची एकूण ऊर्जा CV² असते, दोघींची मिळून 2CV². व्होल्टेज दुप्पट झाल्यावर विद्युत ऊर्जा ½C(2V)², म्हणजे तीही बरोबर 2CV². हिशेब पैशापैशाने जुळतो.

१७० किलोव्होल्ट सोसण्यासाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरवर आता ३०० आले आहेत. लाइनवरच्या बहुतेक चिमण्यांना मात्र आधी दीडशेचीच लाट भेटली. परतीची लाट येईपर्यंत दूरच्या खांबांवर पहिली लाट ओसरू लागलेली असते. चिमण्या शाबूत आणि ट्रान्सफॉर्मर जळालेला, हे कोडं असं सुटतं.

पहिल्या वेढ्यांवरचा भार

३०० किलोव्होल्ट गुंडाळीवर सारखे वाटले गेले असते, तर नुकसान कमी झालं असतं. तसं होत नाही. उभ्या चढाची लाट आली की पहिल्या क्षणी गुंडाळी गुंडाळीसारखी वागतच नाही. वेढ्या-वेढ्यांमधली कपॅसिटन्स आणि प्रत्येक वेढ्याची जमिनीशी असलेली कपॅसिटन्स, यांचं ते जाळं होतं. जमिनीकडे गळणारा भार वाटेतच बराच निघून जातो आणि व्होल्टेजचा मोठा वाटा लाइनच्या बाजूच्या पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो. जमिनीकडची एकूण कपॅसिटन्स वेढ्यांच्या रांगेतल्या एकूण कपॅसिटन्सच्या शंभरपट असेल, तर गुंडाळीच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यावर जवळपास ६३ टक्के व्होल्टेज येतं. सारखी वाटणी झाली असती, तर तिथे १० टक्केच आलं असतं.

म्हणून धावत्या लाटेने गेलेल्या ट्रान्सफॉर्मरची ओळख पटते. गुंडाळी उघडली की जळालेली जागा लाइनच्या टोकालगतच्या वेढ्यांत सापडते. उघडण्याआधीही काही खुणा मिळतात. बुखोल्ट्‌झ रिलेत वायू जमलेला असतो. तेलाच्या वायुपरीक्षेत ॲसिटिलीन दिसतं, म्हणजे आत ठिणगी पडून गेलेली आहे. मेगरने इन्सुलेशन पाहिलं तर ते चांगलं निघू शकतं, कारण मेगर गुंडाळी आणि जमीन यांच्यामधला रोध मोजतो. दोन शेजारी वेढे एकमेकांना चिकटले असतील, तर मेगरला ते कळत नाही. ते कळतं टर्न्स रेशो आणि मॅग्नेटायझिंग करंटच्या चाचणीत. मेगर ठीक आला म्हणून असा ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू करणं धोक्याचं असतं.

अरेस्टर किती दूर?

इलाज उपकेंद्रातच उभा असतो: लाइटनिंग अरेस्टर, बोलीत एलए. आजच्या अरेस्टरमध्ये झिंक ऑक्साइडच्या चकत्यांची चळत असते. हे तंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या मात्सुशिता कंपनीत आकाराला आलं. रोजच्या व्होल्टेजला या चकत्यांतून नगण्य करंट जातो. ठरावीक मर्यादेपलीकडे व्होल्टेज गेलं की त्या मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळात वाहू लागतात आणि व्होल्टेज एका पातळीवर धरून ठेवतात. ३३ केव्हीसाठी ही पातळी साधारण ९० किलोव्होल्ट धरू.

अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगलाच लागून असेल, तर आपल्या उदाहरणाचा निकाल असा लागतो. ३०० पर्यंत चढू पाहणारं व्होल्टेज ९० वर अडतं. उरलेले २१० किलोव्होल्ट लाइनच्या ४०० ओहमवर पडतात, म्हणजे अरेस्टरमधून सव्वापाचशे अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जातो. अरेस्टरला हे काहीच नाही. ट्रान्सफॉर्मर १७० सोसणारा, त्याला ९० आले. भरपूर अंतर राहिलं.

पण अरेस्टर लाइनच्या प्रवेशाच्या खांबावर बसवला आणि ट्रान्सफॉर्मर तिथून ३० मीटर पुढे असला, तर? अरेस्टरने आपल्या जागी ९० धरले, एवढ्याने ट्रान्सफॉर्मरवरही ९० च राहतील असं नाही. लाटेचा चढता भाग अरेस्टरला ओलांडून पुढे जातो, ट्रान्सफॉर्मरवर आपटून दुप्पट होतो आणि मग मागे वळतो. अरेस्टरने केलेला आवर ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. त्या जाण्यायेण्याच्या वेळात ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज चढतच राहतं. त्याचं सूत्र सोपं आहे:

U = Up + 2·S·T

Up ही अरेस्टरची पातळी, S हा लाटेचा चढ आणि T हा अरेस्टरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जायला लागणारा वेळ. व्होल्टेज Up च्या दुपटीपलीकडे मात्र जात नाही. उपकेंद्राच्या जवळच वीज पडली आणि लाटेचा चढ मायक्रोसेकंदाला ४०० किलोव्होल्ट असला असं धरू. तीस मीटरला T येतो ०.१ मायक्रोसेकंद. जास्तीचे झाले ८० किलोव्होल्ट. ९० आणि ८० मिळून १७०. नव्या, कोरड्या इन्सुलेशनची कसोटीच जिथे संपते, तिथे आपण पोचलो. वीस वर्षं तेलात राहिलेल्या कागदाकडून तेवढी आशा ठेवता येत नाही. तोच अरेस्टर सहा मीटरवर आणला, तर जास्तीचे फक्त १६ आणि ट्रान्सफॉर्मरवर १०६. अरेस्टर तोच, लाट तीच. फरक चोवीस मीटरच्या तारेचा.

लाट लांबून आली असेल, तर तिचा उभा चढ कोरोनामुळे वाटेत बोथट होतो आणि हे अंतर तितकं घातक राहत नाही. म्हणून खरी भीती असते ती शेवटच्या एक-दोन किलोमीटरमधल्या आघाताची. उच्चदाब लाइनच्या या टप्प्यात वरून अर्थची तार ओढून थेट आघात टाळण्याची काळजी घेतात, त्याचं कारण हेच.

केबलचा आधार, पण थोड्या वेळाचा

कित्येक उपकेंद्रांत लाइनचा शेवटचा तुकडा जमिनीखालच्या केबलचा असतो आणि केबल आहे म्हणून ट्रान्सफॉर्मर सुरक्षित आहे, असं मानलं जातं. त्यात अर्धं खरं आहे. केबलचा सर्ज इम्पिडन्स ४० ओहमच्या घरात असतो. लाइनच्या ४०० वरून केबलच्या ४० मध्ये शिरताना १५० पैकी फक्त २७ किलोव्होल्ट आत जातात. ट्रान्सफॉर्मरपाशी ते दुप्पट होऊन सुमारे ५५ होतात. यात धोका काहीच नाही.

पण ट्रान्सफॉर्मरवरून परतलेली लाट केबलच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथे तिला पुढे ४०० ओहमची लाइन दिसते आणि ८२ टक्के हिस्सा पुन्हा ट्रान्सफॉर्मरकडे वळतो. शंभर मीटरच्या केबलमध्ये ही फेरी सव्वा मायक्रोसेकंदाच्या आसपास पूर्ण होते. मागून मूळ लाट अजून येतच असेल, तर ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज दुसऱ्या फेरीला ९९ होतं, तिसरीला १३६, चौथीला १६६ आणि पाचवीला १७० च्या वर. पायरीपायरीने ते शेवटी त्याच ३०० कडे सरकतं. या फेऱ्यांचा हिशेब तिरप्या रेषांच्या जाळीत मांडण्याची पद्धत अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते एल. व्ही. ब्यूली यांनी रुळवली. त्यांचं धावत्या लाटांवरचं पुस्तक १९३३ मध्ये निघालं आणि ही जाळी आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवली जाते. प्रवर्तित लाट चार-पाच मायक्रोसेकंदांत ओसरली, तर केबल वाचवते. थेट आघाताची लाट पन्नास मायक्रोसेकंद रेंगाळली, तर छोटी केबल काहीच वाचवत नाही. म्हणून लाइन आणि केबलच्या जोडावर अरेस्टर हवाच आणि केबल लांब असेल तर ट्रान्सफॉर्मरपाशी दुसराही.

शेवटचे दोन मीटर

अरेस्टर जवळ बसवला तरी एक गोष्ट सुटून जाते: त्याच्या जोडतारा. साध्या तारेचा इंडक्टन्स मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असतो. जवळच थेट आघात होऊन करंट मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने चढला, तर प्रत्येक मीटरवर १० किलोव्होल्ट जास्तीचे पडतात आणि ते अरेस्टरच्या ९० मध्ये मिळवले जातात. खांबाच्या टोकावर अरेस्टर, तिथपर्यंत वळसा घालून आलेला जंपर, आणि त्याची अर्थची तार पूर्ण खांब उतरून वेगळ्या खड्ड्यात, अशी जोडणी असेल, तर या तारा सहज आठ-दहा मीटरच्या होतात. शंभर किलोव्होल्ट तिथेच वाढले.

वेगळा खड्डा हे तर दुहेरी नुकसान. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल आणि त्यातून १० किलोअँपिअर उतरले, तर अरेस्टरचं तळटोकच जमिनीपासून १०० किलोव्होल्ट वर उचललं जातं. ट्रान्सफॉर्मरची टाकी दुसऱ्या खड्ड्याला जोडलेली असेल, तर ती खालीच राहते आणि हे १०० किलोव्होल्टही गुंडाळी आणि टाकी यांच्यामध्ये येतात. अरेस्टरची अर्थतार आधी थेट टाकीला आणि मग दोघांची मिळून अर्थिंगच्या जाळीला जोडली, तर टाकी आणि अरेस्टरचा तळ एकत्रच वर उचलले जातात. मग खड्ड्याचा रोध उन्हाळ्यात वाढला, तरी गुंडाळीला त्याचा ताप होत नाही.

मान्सूनपूर्व देखभालीत चिमण्या पुसल्या जातात, फांद्या छाटल्या जातात, तेलाची पातळी पाहिली जाते. त्याच फेरीत मोजपट्टी घेऊन तीन अंतरं मोजायला फार वेळ लागत नाही: अरेस्टरपासून ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगपर्यंतचं, अरेस्टरच्या वरच्या जंपरचं आणि त्याच्या तळापासून टाकीपर्यंतच्या अर्थतारेचं. पहिलं अंतर पाच-सहा मीटरच्या आत आणि बाकीची दोन मिळून दोन-तीन मीटरच्या आत आणता आली, तर झाडावर पडलेल्या विजेची लाट ट्रान्सफॉर्मरच्या दाराशी दुप्पट होण्याआधीच जमिनीत उतरते.